‘टीमबरोबर जेवलो’: जोडीदाराची ऑफिसातली मैत्री, रात्रीचा उशीर आणि मनातलं बोलायची रीत

जोडीदाराला ऑफिसातून रोज उशीर होणं ही एक गोष्ट. त्याची ऑफिसातल्या एखाद्या बाईशी, किंवा तिची एखाद्या पुरुषाशी, घट्ट मैत्री असणं ही दुसरी. घरी वाट बघणाऱ्याच्या डोक्यात मात्र या दोन्ही एकदमच येतात आणि रात्री बारा वाजता त्यांचं मिळून एकच कथानक तयार होतं. ते खरं असू शकतं, खोटं असू शकतं, बहुतेकदा अर्धंमुर्धं असतं. जोडप्यांचं समुपदेशन करताना मला वारंवार दिसतं ते हे, की भांडण त्या कथानकावरून होतं आणि ज्यावर खरोखर बोलायला हवं होतं ते तसंच राहून जातं.

एकच उदाहरण सविस्तर बघू. मुग्धा आणि सचिन ही नावं मी दिलेली आहेत आणि तपशील दोन-तीन घरांतले एकत्र केलेले आहेत, पण पुण्यात आयटीतलं कुणी घरात असेल तर त्यातलं फारसं काही अनोळखी वाटणार नाही.

मुग्धा एका शाळेत गणित शिकवते. सचिन हिंजवडीत एका कंपनीत टीम लीड आहे, क्लायंट कॅलिफोर्नियातला. घर सिंहगड रोडला, घरात सासूबाई आणि नऊ वर्षांची मुलगी. सचिनच्या टीममध्ये केतकी आहे, त्याच्याच वयाची, वारज्याला राहणारी. दिवाळीपर्यंत घरात केतकीचं नाव रोज निघायचं. केतकीने आज मॅनेजरला काय सुनावलं, केतकीने आणलेल्या पुरणपोळ्या, असं काहीबाही. मग मुग्धाला तीन गोष्टी जाणवायला लागल्या. सचिन पावणेबाराच्या जागी पाऊण वाजता यायला लागला. केतकीचं नाव घरात निघायचं बंद झालं. आणि एका शुक्रवारी तो म्हणाला, “आज टीमबरोबर जेवलो.” दोन दिवसांनी सोसायटीच्या मीटिंगमध्ये, त्याच टीममधल्या एकाची बायको सहज बोलून गेली, “शुक्रवारी ना, आमचे हे कधी नव्हे ते आठला घरी!”

सोमवारी रात्री दार उघडता उघडता मुग्धा म्हणाली, “झालं का ऑफिस? की आधी तिला घरी सोडून आलास?”

सचिन बूट काढत म्हणाला, “तुझं परत सुरू झालं.” विषय संपला. दोन आठवडे घरात ‘डबा भरलाय’ आणि ‘फी भरायची आहे’ एवढंच बोलणं.

आधी कागदावर दोन रकाने

मुग्धा माझ्याकडे एकटीच आली होती. पहिल्या भेटीत मी तिला एका कागदावर दोन रकाने करायला सांगितले. डावीकडे, कॅमेरा लावला असता तर त्यात जे दिसलं किंवा ऐकू आलं असतं तेवढंच. उजवीकडे, त्यावरून मनाने काढलेला अर्थ.

ऐकायला सोपं वाटतं, करताना चांगलंच जड जातं. तिने डावीकडे पहिलंच वाक्य लिहिलं, “हल्ली त्याचं घरात लक्षच नसतं.” हे कॅमेऱ्यात दिसत नाही. दिसतं ते असं, की तो जेवताना फोन ताटाशेजारी उलटा ठेवतो आणि लेकीने दाखवलेलं चित्र न बघता “छान” म्हणतो. अर्धा तास खोडाखोड झाल्यावर डावीकडे चार ओळी उरल्या: नोव्हेंबरपासून आठवड्यातून चार दिवस साडेबारानंतर घरी, महिनाभर केतकीचं नाव नाही, शुक्रवारचं ‘टीमबरोबर जेवलो’ जुळत नाही, फोन उलटा. उजवीकडे बारा ओळी होत्या. त्याला तिच्याशीच बोलावंसं वाटतं, मी कंटाळवाणी झालेय, सगळ्यांना माहीत आहे फक्त मलाच नाही, वगैरे.

उजवा रकाना खोटा असतो असं मी म्हणत नाही. तो मनात जपून ठेवायचा असतो, कारण दुखतंय कुठे ते त्यातूनच कळतं. पण तो ‘पुरावा’ म्हणून समोर मांडला की समोरचा माणूस त्यातली सगळ्यात कच्ची ओळ उचलतो, ती खोडून काढतो आणि बाकी सगळंच त्याबरोबर निकालात निघतं. डाव्या रकान्यातल्या ओळी खोडता येत नाहीत. त्यांच्याबद्दल फक्त बोलता येतं.

कागदाच्या मागच्या बाजूला तिला एका प्रश्नाचं उत्तर लिहायला सांगितलं: केतकीच्या जागी केदार असता, तर यातलं काय काय खुपलं असतं? उशीर खुपलाच असता. लेकीचं चित्र न बघणंही खुपलं असतं. केदारबरोबर दोघांनीच जेवणं खुपलं नसतं, पण त्याबद्दल थाप मारली असती तर ती नक्कीच खुपली असती. एवढ्यात बरीच सफाई होते. केदार असतानाही जे खुपतं ते ‘आपल्या’ घराबद्दलचं असतं, आणि केतकीचं नावही न घेता त्यावर बोलता येतं.

उशिराचा हिशोब निराळा मांडायचा

उशीर हा संशयाचा सगळ्यात मोठा धनी आणि पुरावा म्हणून सगळ्यात फुसका. कामाच्या उशिराला बहुतेक वेळा काहीतरी आकार असतो. सीएच्या ऑफिसात टॅक्स ऑडिटमुळे सप्टेंबर तुंबतो, बँकेत मार्चअखेर. सॉफ्टवेअरमध्ये नवी आवृत्ती शनिवारी रात्री चढवतात, कारण तेव्हा वापरणारे कमी असतात. हा आकार माहीत नसेल तर एखाद्या आठवड्यात अचानक वाढलेला उशीर माणसामुळे वाढला असं वाटतं.

सचिनच्या उशिराचं उत्तर चक्क घड्याळात होतं. अमेरिकेत नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं एक तास मागे घेतात आणि मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुन्हा पुढे करतात. भारतात असं काही होत नाही. म्हणजे कॅलिफोर्नियाच्या सकाळी नऊच्या मीटिंगला उन्हाळ्यात आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ वाजलेले असतात आणि नोव्हेंबर ते मार्च साडेदहा. क्लायंटने काहीही बदललेलं नसतं, इथल्या माणसाची रात्र मात्र तासाने लांबते. पावणेबाराचे पाऊण झाले ते असे. सचिनला हे इतकं अंगवळणी पडलं होतं, की घरी सांगायचं असतं हेच त्याच्या डोक्यात आलं नाही.

‘तिला सोडून येतोस’ यालाही असंच साधं कारण होतं. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती लागते, आणि सुरक्षिततेबरोबर घरापर्यंत पोचवण्याची सोयही मालकाला करावी लागते. म्हणून कंपनीची कॅब. एका बाजूला जाणारे एकाच गाडीत बसतात, आणि गाडीत शेवटी एकटी बाई उरू नये असा दंडक बऱ्याच कंपन्या पाळतात. हिंजवडीहून बावधन, वारजे, मग सिंहगड रोड. केतकी आधी उतरणार आणि सचिन नंतर, हे वाहतूक विभागाने ठरवलेलं होतं.

इथे एक सावधगिरी. उशिराचं साधं कारण निघालं म्हणून बाकीच्या गोष्टीही आपोआप साध्या ठरत नाहीत. शुक्रवारचं जेवण घड्याळाने सुटत नाही. पण उशीर बाजूला काढला की उरलेल्यावर नीट बोट ठेवता येतं.

खिडकी कुठे आहे आणि भिंत कुठे

उरलं काय? महिनाभर न निघालेलं नाव आणि एक थाप. जवळीक किती चालेल आणि किती नाही, याचं माप बहुतेक जण तासांत किंवा मेसेजच्या संख्येत शोधतात, आणि ते माप कधीच बसत नाही. शर्ली ग्लास या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी कामाच्या ठिकाणच्या मैत्रीतून सुरू झालेल्या प्रकरणांवर बरीच वर्षं काम केलं. त्यांनी दिलेलं चित्र मला सगळ्यात उपयोगी वाटतं. नवरा-बायकोमध्ये खिडकी असावी आणि दोघांचं मिळून बाहेरच्या जगाशी असलेल्या सीमेवर भिंत. बाहेरच्या माणसाशी मैत्री असायला हरकत नाही, पण घरातली आतली गोष्ट भिंतीपलीकडे जाऊ नये आणि बाहेरचं खिडकीतून दिसत राहावं. अडचण सुरू होते ती जागांची अदलाबदल झाल्यावर. मैत्रिणीला सगळं माहीत आणि बायकोला काही नाही, म्हणजे खिडकी तिकडे उघडली आणि भिंत इकडे आली.

त्यामुळे विचारायचे प्रश्नच बदलतात. दोघं किती वेळ बोलतात यापेक्षा, जे बोलतात ते मला कळलं तर त्याला चालेल का? घरातली कुठली गोष्ट तिला माझ्याआधी कळते? आमच्या दोघांमधली कुरबुर तो तिच्याजवळ सांगतो का? एखादा मेसेज मी आत आले की पुसला जातो का? शेवटच्या दोन प्रश्नांचं उत्तर ‘हो’ असेल तर स्पर्शही न झालेली मैत्री घराला भारी पडू शकते. आणि पहिल्याचं उत्तर ‘हो’ आणि बाकी सगळ्यांचं ‘नाही’ असेल, तर रोज दुपारी दोघं चहाला एकत्र जातात यात काळजीचं फारसं नसतं. ऑफिसात आठ-नऊ तास ज्यांच्याबरोबर काढायचे त्यांच्यातलं कुणीतरी जवळचं होणारच.

पहिली तीन मिनिटं

जॉन गॉटमन आणि सिबिल कॅरेर यांनी 1999 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. 124 नवविवाहित जोडप्यांना त्यांच्यातल्या एखाद्या मतभेदावर पंधरा मिनिटं बोलायला लावलं आणि पुढची सहा वर्षं त्यांचा माग ठेवला. पुढे कोण वेगळं होणार, याचा अंदाज त्या बोलण्याच्या पहिल्या तीन मिनिटांवरूनही येत होता. सुरुवातच टोमण्याने किंवा दोषाने झाली, तर पुढे कितीही शहाणपणाचं बोललं तरी गाडी रुळावर येणं अवघड जातं.

याचं कारण शरीरातही आहे. हल्ला होतोय असं वाटलं की छातीचे ठोके वाढतात. ते मिनिटाला शंभराच्या वर गेले की माणसाला समोरचं वाक्य धड ऐकू येत नाही; तो बचाव तरी करतो, पलटवार तरी करतो, नाहीतर गप्प होतो. गॉटमन यांचा सल्ला असा, की अशा वेळी किमान वीस मिनिटं थांबावं, कारण शरीर निवायला तेवढा वेळ लागतो. दारात उभं राहून रात्री एक वाजता विचारलेल्या प्रश्नाला सचिनने दिलेलं उत्तर हे त्याच्या मनाचं उत्तर नव्हतंच. दमलेला, भुकेला, अचानक आरोप ऐकलेला माणूस जे बोलतो ते होतं.

काही सुरुवाती मी ठामपणे टाळायला सांगते. उत्तर माहीत असताना निरागसपणे विचारलेला प्रश्न, जसा “शुक्रवारी कोण कोण होतं रे जेवायला?” हा सापळा असतो. समोरचा त्यात अडकला की थाप दुप्पट होते, आणि मग तुम्ही सापळा लावलात हे त्याच्या हातातलं हत्यार होतं. “माझी बहीणसुद्धा म्हणत होती” हेही नको, कारण लगेच खोलीत आणखी एक माणूस येऊन बसतो. व्हॉट्सॲपवर लांबलचक मेसेज तर अजिबात नको. त्यात आवाज नसतो, आणि वाचणारा आपल्या भीतीच्या आवाजात तो वाचतो. चोरून फोन तपासण्याचं म्हणाल तर समाधान क्वचितच मिळतं. काही सापडलं नाही तर ‘पुसलं असेल’, आणि अर्धवट काही सापडलं तर ते कसं सापडलं यावरच सगळं भांडण.

सोपा सांगाडा असा आहे: काय दिसलं, त्याने मला काय झालं, मला काय हवं आहे. प्रत्येकी एखाद-दुसरं वाक्य. तिसरं वाक्य आधीच ठरवून जावं लागतं. ‘तू बदल’ ही मागणी कुणालाच पुरी करता येत नाही. ‘आठवड्यातले दोन दिवस मीटिंग घरून घे’ ही मागणी मान्य करता येते, नाकारता येते, तिच्यावर घासाघीस करता येते.

तळजाईवर

मुग्धाच्या घरात दार लावून बोलायला जागाच नव्हती. दोन खोल्यांत सासूबाई, लेक आणि टीव्ही. हे आपल्याकडच्या फार घरांतलं वास्तव आहे, आणि ‘शांतपणे बसून बोला’ म्हणणारे सल्ले त्याचा विचार करत नाहीत. त्यांनी रविवारी सकाळी तळजाई टेकडीवर जायचं ठरवलं. चालताना नजरेला नजर द्यावी लागत नाही, त्यामुळे अवघड बोलणं सोपं जातं. शिवाय चारचौघांत आवाज चढवता येत नाही, हाही फायदाच. तिने शनिवारीच सांगून ठेवलं होतं, “उद्या मला थोडं मनातलं बोलायचंय, भांडायचं नाहीये.”

तिने सुरुवात केली ती साधारण अशी: “सचिन, नोव्हेंबरपासून तू रोज पाऊण वाजता येतोस. केतकीबद्दल आधी सारखं सांगायचास, महिनाभर तिचं नावच नाही. आणि शुक्रवारी टीमबरोबर जेवलो म्हणालास, पण टीम घरी होती असं मला कळलं. यातून मी काही ठरवलेलं नाही. पण माझी झोप उडालीय, आणि मी तुझ्यापासून लांब पडलेय असं वाटतं. मला तुझ्याकडून कळायला हवंय, काय चाललंय ते.”

तरीही तो आधी चिडलाच. “म्हणजे तू माझी चौकशी केलीस?”

“नाही केली. मीटिंगमध्ये ती सहज बोलली. मी तुला दोन आठवडे विचारलं नाही, कारण मला नीट विचारता येत नव्हतं. त्या रात्री दारात जे बोलले ते चुकीचं होतं.”

नीट सुरुवात केली म्हणजे समोरचा लगेच विरघळतो असं नाही. पहिल्या चिडण्याला उलट न चिडणं, एवढं एकच काम त्या क्षणी असतं. तो थोडा वेळ गप्प चालला. मग घड्याळाचं सांगितलं, कॅबचं सांगितलं. ते सोपं होतं. शुक्रवारपाशी आला आणि अडला.

“आम्ही दोघंच होतो. टीम म्हणालो, कारण केतकीचं नाव काढलं की तुझा चेहरा बदलतो. मग दोन दिवस टोमणे. म्हणून मी तिचं नावच काढायचं बंद केलं.”

या ठिकाणी बहुतेक बोलणी कोसळतात. थाप मारणारा आपल्या थापेचं कारण समोरच्याच्या स्वभावावर टाकतो, आणि ऐकणारा एकतर सगळा दोष अंगावर घेतो किंवा सगळाच झटकतो. खरं तर दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात. टोमण्यांमुळे माणूस सांगायचं बंद करतो. तो सांगायचं बंद करतो म्हणून टोमणे वाढतात. हे चक्र कुणी सुरू केलं हे शोधण्यात अर्थ नसतो, तरी खोटं बोलण्याची जबाबदारी बोलणाऱ्याचीच राहते. मुग्धाने ते फार नेमकं धरलं. “टोमण्यांचं मला मान्य आहे, ते मी थांबवते. पण खोटं तू बोललास, आणि मला तिच्यापेक्षा ते जास्त लागलंय.”

मग जे निघालं ते कुठल्याच रकान्यात नव्हतं. सचिनचा प्रोजेक्ट आटत चालला होता, जानेवारीनंतर टीममधली काही माणसं कमी होणार होती, आणि आपलं नाव त्यात असेल अशी त्याला भीती होती. शुक्रवारी दोघं त्याबद्दलच बोलत बसले होते. केतकीला गेले दोन महिने सगळं माहीत होतं. मुग्धाला काहीच माहीत नव्हतं, कारण फ्लॅटचा हप्ता तिच्याही पगारातून जातो आणि तिला काळजीत टाकायचं नाही असं त्याने ठरवून टाकलं होतं.

तिला प्रेमप्रकरण नसल्याचं हायसं वाटलं असेल, असं वाचणाऱ्याला वाटेल. नंतर ती माझ्याशी बोलली तेव्हा हायसं वगैरे काही नव्हतं. खिडकी दुसऱ्याच घराला पडली होती, आणि ती शरीराच्या नव्हे तर भीतीच्या गोष्टीसाठी. ते तिला खोलवर लागलं होतं, आणि मला वाटतं तिचं बरोबरच होतं.

काय ठरलं

त्या दिवशी टेकडीवर काही ठरलं नाही. तासाभरानंतर दोघंही थकले. दोन दिवसांनी, लेक चित्रकलेच्या क्लासला गेल्यावर, त्यांनी बसून ठरवलं.

केतकीशी मैत्री तोडायची मागणी मुग्धाने केली नाही. तिला करावीशी वाटली होती, पण एकाच टीममध्ये काम करणाऱ्यांना ‘बोलू नको’ सांगणं म्हणजे पुढच्या थापेची सोय करून ठेवणं. ठरलं ते एवढं: घराच्या पैशाची आणि नोकरीची बातमी आधी घरी येईल. दोघंच कुठे गेले तर तसंच सांगायचं, ‘टीम’ म्हणायचं नाही. नवरा-बायकोतली कुरबुर केतकीजवळ न्यायची नाही. मंगळवार-गुरुवारची मीटिंग सचिन मॅनेजरला विचारून घरून घेईल. नाव ऐकल्यावर मुग्धा टोमणा मारणार नाही, खटकलं तर त्याच दिवशी सरळ विचारेल. केतकी आणि तिच्या नवऱ्याला एकदा घरी चहाला बोलवायचं. मार्चमध्ये अमेरिकेची घड्याळं बदलली की पुन्हा बसून बघायचं, कितपत जमलं.

घरून मीटिंगची परवानगी एकाच दिवसाची मिळाली, कारण क्लायंटच्या काही सिस्टीम ऑफिसच्या नेटवर्कवरूनच उघडतात. चहा जरा अवघडलेलाच झाला. केतकी मुग्धाला फारशी आवडली नाही, आणि आवडायला हवी असा नियमही नाही. पण चेहरा नसलेली बाई डोक्यात जेवढी मोठी होते, तेवढी ती समोर सोफ्यावर बसून चकली खाताना राहत नाही.

अशा बोलण्याचा उपयोग झाला की नाही हे त्या दिवशी कळत नाही, चार-सहा आठवड्यांनी कळतं. न विचारता माहिती यायला लागते का? “आज केतकी आणि मी क्लायंटच्या त्या माणसावर इतके हसलो” असं वाक्य घरात परत आलं, तर खिडकी उघडली असं समजावं. उलट, ठरलेल्या गोष्टींचे शब्द पाळले जातात पण फोन आणखी जपला जातो, प्रत्येक साध्या प्रश्नावर “तू संशयी आहेस, डॉक्टरला दाखव” असं उत्तर येतं, नवी नवी विसंगती निघत राहते, तर ती अस्वस्थता नुसती मनाची म्हणून झटकू नये. तेव्हा दोघांनी मिळून समुपदेशकाकडे जावं. दुसरा येत नसेल तर एकट्याने.

विचारणारा नवरा असेल तर

सांगाडा तोच, पण वजन वेगळं. आपल्याकडे बायको रात्री उशिरा घरी आली तर नुसता नवराच बघत नसतो. सासू, शेजारी, वॉचमन सगळेच बघतात. नवऱ्याने कितीही हळुवारपणे “मला अस्वस्थ वाटतं” म्हटलं, तरी तिला त्यामागून “नोकरी सोड” ऐकू येतं, कारण ते वाक्य तिने आजूबाजूच्या कितीतरी घरांत खरोखर बोललेलं ऐकलेलं असतं. म्हणून त्याने पहिल्याच मिनिटाला ते स्पष्टपणे बाजूला काढावं: “तुझ्या नोकरीबद्दल किंवा वेळेबद्दल मी बोलत नाहीये, ती तुझी आहे. मला आपल्या दोघांबद्दल बोलायचंय.” आणि मग नोकरी-वेळेबद्दल खरंच बोलू नये, आईलाही बोलू देऊ नये.

अस्वस्थता सांगणं आणि ताबा घेणं यात फरक करायला एक सोपी खूण आहे: मागणी पुरी झाल्यावर माणूस शांत होतो का? फोनचा पासवर्ड मिळाला, मग लोकेशन चालू ठेव, मग व्हिडिओ कॉल करून दाखव कुठे आहेस, मग पगार माझ्या खात्यात, असं जिथे वाढत जातं तिथे प्रश्न ऑफिसातल्या मित्राचा उरत नाही. 2005 चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा मारहाणीबरोबर मानसिक आणि आर्थिक छळही हिंसाच मानतो. अशा घरातल्या बाईने ‘मी नीट समजावलं तर तो शांत होईल’ या आशेवर राहू नये. 181 ही महिला हेल्पलाइन त्यासाठी आहे.

शंकेची आणखी एक जात असते, जी बोलण्याने मिटत नाही. उत्तर मिळतं, दोन तास बरं वाटतं, मग पुन्हा तोच प्रश्न. कपड्यांचा वास घेणं, गाडीचे किलोमीटर मोजणं. बरीच वर्षं दारू पिणाऱ्यांमध्ये असा पक्का, पुराव्याला न जुमानणारा संशय मनोविकारतज्ज्ञांच्या ओळखीचा आहे, आणि त्यावर उपचार असतात. तिथे जोडीदाराने कितीही खुलासे दिले तरी पुरत नाहीत. ‘टेली मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर मराठीत बोलून सुरुवात करता येते.

केतकीला परस्पर मेसेज करावा का, असं मला बऱ्याच जणी विचारतात. मी नको म्हणते. तिने तुम्हाला कुठलाच शब्द दिलेला नाही, जोडीदाराने दिलाय. तुमचा मेसेज ऑफिसात फिरला तर तिची नोकरी आणि तिचं घर दोन्ही त्यात ओढलं जातं, आणि तुमचा जोडीदार तिला सावरायला धावतो. जे विचारायचं ते त्यालाच विचारायचं, मग उत्तर काहीही येवो.